न दिसणाऱ्या मार्गदर्शकाचा विश्वास

मु. पो. दारव्ह्याजवळ, जि. यवतमाळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

सोमवारपासून तुझी घरून करायची इंटर्नशिप सुरू होते आहे आणि मेंटॉर कधीच भेटणार नाहीत याची तुला धास्ती आहे, हे वाचले. माझे मेंटॉर पुण्यात असतात. तीन महिन्यांत मी त्यांना एकदाही प्रत्यक्ष भेटलो नाही, तरी आज ते माझ्यावर काम सोपवून निश्चिंत असतात. पहिल्या पंधरवड्यात मात्र परिस्थिती उलटी होती, म्हणून तेच आधी सांगतो.

आमचे सॉफ्टवेअर दूध संकलन केंद्रांसाठी आहे. एका केंद्राची तक्रार होती की रोजच्या अहवालात सकाळचे काही लिटर आदल्या दिवशी दिसतात. ते काम माझ्याकडे आले आणि मी दोन दिवस एक शब्दही न कळवता त्यात बुडून राहिलो. उत्तर सापडल्यावरच लिहावे, अर्धवट प्रश्न विचारला तर अज्ञान उघडे पडेल, असे मला वाटत होते. त्यातच दुसऱ्या दिवशी दुपारी पावसाने वीज गेली आणि दोनेक तासांनी मोबाइलचे नेटवर्कही गेले. संध्याकाळी नेटवर्क आले तेव्हा ते काम दुसऱ्याला दिल्याचा निरोप वाट पाहत होता. मला फार लागले, पण त्यांच्या बाजूने पाहिले तर काम करणारा मी आणि काम सोडून बसलेला मी, हे दोघे पडद्यावर अगदी सारखेच दिसत होते.

मी त्याच रात्री तोपर्यंतचे सारे त्यांना लिहून पाठवले. मजकूर साधारण असा होता: ‘चुकीच्या दिवशी गेलेल्या सर्व नोंदी पहाटे साडेपाचच्या आधीच्या आहेत, त्यानंतरची एकही चुकलेली नाही. सर्व्हर वेळ यूटीसीत साठवतो आणि ती आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असते, म्हणून पहाटे ५ ची नोंद तिथे आदल्या रात्रीची ११:३० ठरते. तारीख काढण्यापूर्वी वेळ बदलावी, असा माझा अंदाज आहे. सर्व केंद्रे भारतातच आहेत ना, एवढेच सांगा. उद्या ११ पर्यंत उत्तर आले नाही, तर तसे धरून कच्चा बदल तपासणीसाठी ठेवतो.’ सोबत ही ओळ जोडली:

```sql
DATE(CONVERT_TZ(created_at, '+00:00', '+05:30'))
```

सकाळी साडेनऊला ‘हो, सर्व भारतातच’ एवढेच उत्तर आले आणि काम माझ्याकडे परत आले. त्यांना माझा प्रश्न समजून घेण्यासाठी काहीच उकरावे लागले नाही, एका ओळीत उत्तर देता आले, आणि उत्तर दिले नसते तरी काम कुठे जाणार हे त्यांना ठाऊक होते. माझ्या मते न भेटता जमणारा विश्वास तो हाच, की समोरच्याला आपल्या पुढच्या पावलाचा अंदाज बांधता यावा.

त्यानंतर मी अडकण्याला मुदत घातली. एका जागी दीड तास काहीच हलले नाही, तर काय पाहिले, काय करून पाहिले आणि काय अंदाज आहे, हे लिहून पाठवतो. काम पुरे होण्याची वाटही पाहत नाही. पहिल्या दिवशीच कच्ची पुल रिक्वेस्ट उघडतो आणि वर ‘अपूर्ण, फक्त दिशा पाहावी’ असे लिहितो. दिशाच चुकली असेल तर ती अशी दुसऱ्या दिवशी कळते, आठवड्याने नाही. संध्याकाळी मात्र तीन-चार ओळींचा एकच निरोप असतो, कारण तासातासाला लिहिले तर ते वाचणे सोडून देतात.

विजेचे मी आधीच सांगून टाकले आहे. आभाळ भरून आले की लिहितो, ‘नेटवर्क जाण्याची शक्यता आहे, गेल्यास रात्री नऊला कळवीन,’ आणि नऊला शेताच्या धुऱ्यावर, जिथे दुसऱ्या कंपनीचे सिग्नल मिळते तिथे, जाऊन कळवतो. एकदा डवरणीच्या दिवसांत बाबांना माझी गरज होती, तेव्हा अर्ध्या दिवसाची सुटीही अशीच दोन दिवस आधी मागितली आणि लगेच मिळाली. कॅमेरा आमच्या नेटवर्कवर टिकत नाही. हेही पहिल्याच आठवड्यात सांगायला हवे होते, कारण बंद कॅमेऱ्याचा अर्थ ते स्वतःच लावत होते.

विश्वास कमी होतो आहे का, हे त्यांच्या प्रश्नांवरून ओळखता येते. ‘कुठपर्यंत आले?’ असे वारंवार विचारले जाऊ लागले आणि कामांचे तुकडे लहान होऊ लागले, तर आपल्याकडून खबर कमी पडते आहे असे समज. ‘कसे करायचे’ हे सांगणे त्यांनी सोडले आणि ‘तुला काय वाटते’ असे विचारले, तर उलटे समज. मला तो प्रश्न पहिल्यांदा सहाव्या आठवड्यात आला.

सोमवारी पहिल्या बोलण्यात एवढे विचारून घे, की किती वेळ अडकल्यावर विचारलेले त्यांना चालते आणि निरोप ते दिवसातून केव्हा वाचतात. तुझ्या गावी वीज साधारण कोणत्या वेळी जाते, तेही मला कळव, म्हणजे पहिला निरोप कसा लिहायचा ते आपण रविवारी फोनवर बसवू.

काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा मित्र