शनिवारच्या संध्याकाळी कोणता चित्रपट लावावा

नागपूर, रविवार

प्रिय सुहास,

तुझे पत्र काल रात्री दोनदा वाचले. तुझी आणि त्या मुलीची कॉफीच्या निमित्ताने दोनदा भेट झाली आहे, आता ती येत्या शनिवारी सहा वाजता तुझ्या खोलीवर चित्रपट पाहायला येणार आहे, आणि ही कल्पना तिचीच आहे, हे वाचून फार बरे वाटले. तू तीन चित्रपटांची नावे लिहून मत विचारले आहेस, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवात चित्रपटापासून न करता घड्याळापासून करू. तिला दहाच्या आत चिंचवडला पोहोचायचे आहे, म्हणजे तुझ्याकडून सव्वानऊला निघावे लागेल. सहाला आल्याबरोबर चित्रपट लावू नकोस. ती प्रथमच तुझ्या घरी येत असल्याने चहा, थोडे खाणे आणि खोलीची ओळख यांत पाऊण तास सहज जातो. पावणेसातला सुरुवात झाली, तर तुझ्या यादीतला पहिला चित्रपट, म्हणजे १७४ मिनिटांचा 'सैराट', संपायला पावणेदहा होतील. म्हणजे एक तर शेवट अर्ध्यावर सोडावा लागेल, नाही तर तिला दर पाच मिनिटांनी वेळ पाहत बसावे लागेल, आणि जिला घरी जायची घाई आहे तिचे लक्ष पडद्यावर राहत नाही. शंभर मिनिटांच्या आसपासचा चित्रपट साडेआठच्या आत संपतो आणि पुढे पाऊण तास हाती उरतो. मला विचारशील तर संध्याकाळ खरी त्या पाऊण तासासाठीच आहे, कारण दोन माणसे पडद्याकडे पाहत असताना एकमेकांना फारशी ओळखत नाहीत, ओळख वाढते ती नंतरच्या बोलण्यात.

वेळेचा प्रश्न नसता तरी मी 'सैराट' सुचवला नसता, आणि त्याला माझा स्वतःचा अनुभव कारण आहे. २०१६ साली तो नुकताच लागला होता तेव्हा मी एका मुलीबरोबर तो पाहायला गेलो होतो. मध्यंतरापर्यंत आम्ही दोघेही खूश होतो, गाण्यांवर सगळे थिएटर नाचत होते. मात्र शेवटची काही मिनिटे संपली आणि ते लहान मूल दाराबाहेर पडले, तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याही तोंडून शब्द फुटेना. आम्ही बसथांब्यापर्यंत मुकाट चालत गेलो आणि निरोप घेतला. चित्रपट थोर आहे, पण तो माणसाला एकटे करून सोडतो, आणि तशा मनःस्थितीत नवख्या माणसाशी काय बोलावे हे सुचत नाही. तेव्हापासून मी सोबत पाहायचा चित्रपट त्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांवरून पारखतो. पूर्वार्धात कितीही हसवले तरी दिवे लागतात तेव्हा मनात उत्तरार्धच असतो. म्हणून आधी स्वतः न पाहिलेला चित्रपट पहिल्या संध्याकाळी लावू नये असे माझे ठाम मत आहे.

तुझे दुसरे नाव 'बिफोर सनराइज' आहे. १९९५ चा हा चित्रपट लांबीने अगदी योग्य, १०१ मिनिटांचा आहे, आणि तो मला मनापासून आवडतो. आगगाडीत भेटलेले दोन अनोळखी तरुण व्हिएन्नात उतरतात आणि रात्रभर शहरात भटकत बोलत राहतात. अडचण नेमकी इथेच आहे. तुम्ही दोघेही जवळजवळ अनोळखी आहात आणि समोर दोन अनोळखी माणसे अतिशय सुंदर बोलत प्रेमात पडत आहेत, म्हणजे तुम्हाला दीड तास आरशासमोर बसवल्यासारखे होईल. ते दोघे पाळण्यात एकमेकांचे चुंबन घेतात त्या क्षणी तुमच्या खोलीत जी शांतता पसरेल ती तुम्हा दोघांनाही जड जाईल. ती तिथून उठूनही जाऊ शकणार नाही, आणि तुझ्या मनात काही नसले तरी चित्रपट तुझ्या वतीने काही सुचवतो आहे असे तिला वाटू शकेल. शिवाय संवाद इंग्रजी आणि वेगवान असल्याने नजर सतत खालच्या ओळींवर राहते. हा चित्रपट तुमची मैत्री जुनी होईल तेव्हासाठी ठेव.

तिसरे नाव वाचून मी काही वेळ थांबलो, कारण 'द लंचबॉक्स' माझ्याही मनात पहिल्यांदा आला होता. २०१३ सालचा, १०४ मिनिटांचा, मुंबईतल्या डबेवाल्यांकडून चुकीच्या टेबलावर गेलेल्या डब्याची गोष्ट, आणि डब्यातून ये-जा करणाऱ्या चिठ्ठ्या. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी पडद्यावर कधीच दिसत नाहीत, भारती आचरेकरांचा आवाज तेवढा ऐकू येतो, आणि तरीही ती बाई आपल्याला पुरती कळते. शेवट मोकळा सोडलेला आहे, चिठ्ठ्या लिहिणारे ते दोघे भेटतात की नाही हे सांगितलेले नाही, त्यामुळे नंतरचा पाऊण तास बोलायला विषय आयताच मिळतो. दुसऱ्या कुणासाठी विचारले असतेस तर मी डोळे मिटून हो म्हटले असते. पण तू पत्रात सहज लिहून गेला आहेस की तिच्या वडिलांना जाऊन अजून वर्षही झालेले नाही. या चित्रपटात डबा पाठवणाऱ्या इलाचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने आजारी आहेत आणि उत्तरार्धात ते जातात, आणि त्यानंतर आई जे बोलते ते फार खरे असल्यामुळे सहन करायला कठीण आहे. त्याआधी एका बाईने मुलीसह जीव दिल्याची बातमीही येते. तिला ते पाहवेल की नाही हे तुला किंवा मला ठरवता येणार नाही, आणि अजून पुरती ओळख नसलेल्या माणसाच्या खोलीत तिला अचानक रडू आवरावे लागावे, हे मला बरोबर वाटत नाही. परिचयाच्या दोन ओळींत चित्रपट प्रसन्न आणि चविष्ट वाटतो, त्यामुळे ही गोष्ट निवडताना कुणाच्या लक्षात येत नाही. प्रमाणपत्रावरून वय आणि ढोबळ आशय कळतो, पण समोरच्या माणसाचे ताजे दुःख कुठल्या दृश्यात लपलेले आहे हे आपल्यालाच आठवून पाहावे लागते.

म्हणून माझी सूचना 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' ही आहे. परेश मोकाशी यांचा हा चित्रपट शंभर मिनिटांहून कमी आहे, आणि त्यात दादासाहेब फाळके चलच्चित्राच्या वेडाने झपाटून विलायतेला जातात, परत येऊन पहिला चित्रपट उभा करतात, एवढीच कथा हसतखेळत सांगितली आहे. मधे फाळक्यांच्या डोळ्यांचे दुखणे येते, तेवढाच भाग थोडा काळजीचा आहे, आणि तोही फार रेंगाळत नाही. ही प्रेमकथा नसल्यामुळे तुम्हा दोघांपैकी कुणावरही काही व्हायचे दडपण येत नाही, पण त्यात एक संसार मात्र आहे. नंदू माधव यांचे फाळके आणि विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई एकमेकांशी ज्या सहजतेने वागतात, ते पाहून मला आजही प्रसन्न वाटते. खऱ्या सरस्वतीबाईंनी दागिने मोडू दिले, चित्रपटातल्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि रात्री फिल्मला भोके पाडण्याचे कामही केले, तेव्हा कुठे ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या वेडासाठी आपण कुठवर जाऊ, हा प्रश्न तिथून आपोआप निघतो, आणि त्याचे उत्तर देताना माणूस स्वतःविषयी बरेच सांगतो. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना म्हणून फाळक्यांनी उपाहारगृहातल्या साळुंके नावाच्या पुरुषाला उभे केले, यावरही तुमचे बोलणे बराच वेळ चालेल.

पर्याय म्हणून 'छोटी सी बात' मनात ठेव. तो १९७६ चा आहे, जवळपास दोन तासांचा, हलकाफुलका आणि मुंबईच्या जुन्या रस्त्यांनी भरलेला. त्यातला अमोल पालेकरांचा अरुण सुरुवातीला मुलीच्या मागे मागे चालत जातो, हे आज पाहताना कुणाला खटकू शकते, म्हणून तो मी दुसऱ्या जागी ठेवला आहे.

दोन्ही नावे गुरुवारीच तिला कळव. नाव, लांबी आणि गोष्टीची एक ओळ एवढेच लिही, आणि 'तुला काही वेगळे पाहावेसे वाटत असेल तर तेच लावू' असे शेवटी जोड. तिने स्वतःचे नाव सुचवले तर माझे हे सगळे पत्र बाजूला ठेवून तेच लाव. चित्रपट ज्या ॲपवर आहे असे आपण गृहीत धरतो तिथून तो कधी कधी काढलेला असतो, तेव्हा शुक्रवारी रात्री स्वतः उघडून आवाज, चित्र आणि खालच्या ओळी तपासून ठेव.

बसण्याच्या व्यवस्थेकडे मात्र माझ्यापेक्षा तूच बारकाईने पाहा. तुझ्या खोलीत पलंग एकच आहे आणि तू लॅपटॉप नेहमी त्यावरच ठेवतोस. तसे करू नकोस. लॅपटॉप टेबलावर ठेव, शेजारच्यांकडून एक खुर्ची मागून आण, तिची खुर्ची दाराच्या बाजूला असू दे आणि कोपऱ्यातला दिवा चालू राहू दे. पूर्ण अंधार थिएटरात चालतो, कारण तिथे इतर माणसे असतात.

घरी मध्यंतर नसते, ते तू करायचे. साधारण पन्नासाव्या मिनिटाला थांबवून पाणी किंवा चहा विचार आणि सहज म्हण, 'पुढे पाहायचे ना, की बाहेर चक्कर मारून येऊ?' ती मोकळेपणाने चित्रपटाविषयी काही बोलली तर निश्चिंतपणे पुढे जा. ती मोबाइल पुन्हा पुन्हा पाहत असेल, हसण्याच्या जागी हसत नसेल किंवा एका शब्दात उत्तरे देत असेल, तर कारण न विचारता चित्रपट बंद कर आणि दोघे बाहेर पडा. अर्धवट राहिलेला चित्रपट पुढच्या भेटीत पाहता येतो.

चित्रपट संपल्यावर ॲप पुढचे काहीतरी आपोआप लावते, म्हणून नावे सुरू होताच लॅपटॉप मिटव. पहिला प्रश्न तू विचारू नकोस, तिला बोलू दे. आणि सव्वानऊला तिच्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत जा, पण येऊ का असे आधी विचारून.

रविवारी सकाळी सगळे सविस्तर लिही. मी वाट पाहतो आहे.

तुझा,
मिलिंद