सोडलेला भाग

पुणे, रविवार

प्रिय मंदार,

‘एक्स-फाइल्समध्ये स्कलीला अचानक कॅन्सर कसा काय होतो?’ हा तुझा प्रश्न वाचला आणि लगेच लक्षात आलं की तू यादी घेऊन या अमेरिकन मालिकेतले फक्त परग्रहवासी आणि सरकारी कारस्थानाचे भाग बघतोयस. दर आठवड्याला नवा राक्षस येतो, ते भाग भरताड समजून सोडलेस. तो कॅन्सर नेमका तिथेच उघड होतो रे!

बीज तू बघितलंयस. तिसऱ्या सीझनमधल्या ‘निसेई’मध्ये एफबीआय एजंट स्कलीला काही बायका भेटतात. तिच्यासारखंच त्यांचंही अपहरण झालेलं, मानेतली चिप काढलेली, आणि त्यातली एक कॅन्सरने मरायला टेकलेली. हे 1995 सालचं. त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ तो धागा तसाच पडून राहिला.

मग 26 जानेवारी 1997 ला ‘लेनर्ड बेट्स’ आला. सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यानंतर दाखवलेला, म्हणजे मालिका कधीच न पाहिलेले लाखो लोक समोर बसलेले. त्यांना मागचं काही माहीत असण्याची गरज नव्हती. पिट्सबर्गमधला एक रुग्णवाहिका-कर्मचारी, अपघातात मुंडकं तुटतं, तरी धड शवागारातून चालत निघून जातं. त्याला नवं डोकं फुटतं आणि तो जगतो कॅन्सरच्या गाठी खाऊन. शेवटी तो स्कलीला गाठतो आणि म्हणतो, माफ कर, पण मला हवं ते तुझ्याकडे आहे. ती त्याला मारते. एरवी अशी गोष्ट इथेच मिटते आणि पुढच्या आठवड्यात स्कली आणि तिचा जोडीदार मल्डर पुन्हा कोरे करकरीत. इथे मात्र रात्री ती खोकत उठते आणि उशीवर रक्त दिसतं.

नव्या प्रेक्षकाला हा भयकथेचा शेवट वाटतो, ‘निसेई’ पाहिलेल्याच्या पोटात गोळा येतो. एकच दृश्य दोघांसाठी काम करतं, ते मला फार मोठं वाटतं. निदान कुणा डॉक्टरने नाही, राक्षसाने केलं! कारस्थानाच्या भागात हीच बातमी कुणीतरी कागद हातात देऊन सांगितली असती.

पुढचा ‘नेव्हर अगेन’ खरं तर आधी चित्रित झाला होता, पण दाखवला नंतर. त्यात स्कली कामाला कंटाळून फिलाडेल्फियात अनोळखी माणसाबरोबर जाते, टॅटू काढून घेते. संहितेत आजाराचा मागमूस नाही. पण क्रम बदलला आणि तिची घुसमट मरणाच्या भीतीसारखी दिसायला लागली. यात तोटाही आहे. ती मल्डरवर, स्वतःच्या आयुष्यावर चिडली होती, ते कारण झाकलं गेलं. मला ते अजून खटकतं.

तेव्हा आधी ‘लेनर्ड बेट्स’, मग ‘नेव्हर अगेन’, आणि नंतर तिच्या कॅन्सरचा, तू पाहिलेला ‘मेमेन्टो मोरी’ पुन्हा बघ. रुग्णवाहिकेत बेट्स ‘मला हवं ते तुझ्याकडे आहे’ म्हणतो तेव्हा स्कलीच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेव. तिला त्या क्षणी कळलं की उशीवरचं रक्त बघून, ते मला लिही.

तुझा,
निखिल