वाशी मार्केटातल्या त्या दोघांचे आभार

परवा पहाटे धो धो पावसात जुन्नरहून टोमॅटो घेऊन आलेल्या काकांचा फोन भिजून बंद पडला. आडत्याचा भाव सांगणारा फोन यायचा होता आणि काकांच्या होकाराशिवाय माल सुटणार नव्हता. काका चार्जर शोधू लागले, तेवढ्यात एका माथाडी दादांनी हात धरला, "चार्जिंगला नका लावू!" बरोबरच होतं. ओल्या पोर्टमध्ये वीज गेली की पिना गंजतात, कधी शॉर्ट होऊन बोर्डच जातो. दादांनी सेफ्टी पिनेने ट्रे काढला, सिम रुमालाने कोरडं केलं आणि स्वतःच्या फोनमध्ये घातलं. नंबर सिमचा असतो, हँडसेटचा नाही, त्यामुळे आडत्याचा फोन तिथेच आला. काकांना स्वतःहून लावता मात्र आला नसता, कारण आडत्याचा नंबर सिमवर नव्हता, बंद फोनमध्ये होता.

नंतर तुर्भ्याच्या मोबाइल रिपेअरवाल्या भाऊंनी फोन उघडून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ केला. फोन सुकवायला तांदळाच्या डब्यात ठेवायला त्यांनी साफ नकार दिला: आतलं पाणी तसंच राहतं, वर पीठ पोर्टमध्ये बसतं. स्पीकर अजून जरा घोगरा वाजतो, बाकी फोन चालू आहे.

दोघांनीही ना नाव सांगितलं, ना पैसे घेतले. गाळ्यावरच्या आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार!