डिटर्मिनंट शून्य आला म्हणून बरोबर उत्तराचे मार्क कापले, त्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग (ऑनलाइन टेस्ट सिरीज)

विषय: मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसच्या टेस्टमधली चुकीची उत्तरतालिका, त्यावरचा चुकीचा व्हिडिओ आणि न वाचता बंद केलेलं टिकिट

नमस्कार साहेब / मॅडम,

मी सोलापूरला जुळे सोलापूर भागात बीएस्सी आणि एमएस्सी एंट्रन्सचा छोटा क्लास घेतो आणि माझ्या पोरांसाठी तुमची पूर्ण वर्षाची टेस्ट सिरीज घेतलीये, पैसे एकदम भरलेत, पावती जोडलीये. आधीच्या टेस्ट ठीक होत्या, उगाच नावं ठेवायची सवय नाही मला. पण मॅक्सिमा-मिनिमाच्या टेस्टमध्ये तुम्ही बरोबर उत्तराला निगेटिव्ह मार्किंग लावलंय आणि विचारलं तर "आन्सर की आमच्या एक्सपर्ट टीमने व्हेरिफाय केलेली आहे" एवढं एक वाक्य पाठवून टिकिट क्लोज. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कृपया गणित कळणाऱ्या माणसाकडं द्या, कॉल सेंटरला नको.

प्रश्न असा होता. पूर्ण प्रतलावर

f(x, y) = x⁴ + x² − 2xy + y² − 2x + 2y

हे फंक्शन दिलंय आणि (0, −1) या बिंदूबद्दल कुठलं विधान बरोबर ते विचारलंय. पर्याय चार: लोकल मिनिमम आहे पण ग्लोबल नाही, ग्लोबल मिनिमम आहे आणि किंमत −1, सॅडल पॉइंट आहे, किंवा निष्कर्ष काढता येत नाही. तुमची की म्हणते शेवटचा. सोल्युशनमध्ये कारण काय दिलंय तर हेसियनचा डिटर्मिनंट त्या बिंदूवर शून्य येतो, म्हणून टेस्ट फेल, म्हणून काही सांगता येत नाही. संपलं सोल्युशन. अहो, एक टेस्ट चालली नाही म्हणजे उत्तरच नाही असं कुठं असतं का?

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. f_x = 4x³ + 2x − 2y − 2 आणि f_y = −2x + 2y + 2. दुसरं शून्य केलं की y = x − 1 मिळतं, ते पहिल्यात घातलं की बाकी सगळं कटून 4x³ = 0 उरतं, म्हणजे x = 0, y = −1. क्रिटिकल पॉइंट हा एकच. इथवर आपलं भांडण नाही.

आता हेसियन. f_xx = 12x² + 2, f_xy = −2, f_yy = 2. डिटर्मिनंट (12x² + 2)·2 − 4, म्हणजे 24x². तुमच्या माणसानं इथं लगेच x = 0 घातलं, शून्य आलं आणि पेन खाली ठेवला. पण त्यानं 24x² कडं एक सेकंद बघितलं असतं तर दिसलं असतं की हे कुठल्याही x ला निगेटिव्ह होतच नाही. एका बिंदूवर हेसियन तपासणं ही लोकल गोष्ट आहे, तिच्यातून जास्तीत जास्त आजूबाजूचं कळतं. ग्लोबलचं उत्तर पाहिजे असेल तर हेसियन सगळीकडे, म्हणजे x, y तसेच ठेवून तपासावा लागतो. आणि इथं तो सगळीकडे पॉझिटिव्ह सेमीडेफिनिट आहे. डिटर्मिनंटवर विश्वास नसेल तर थेट क्वाड्रॅटिक फॉर्म काढा, कुठलीही दिशा (u, v) घ्या:

(12x² + 2)u² − 4uv + 2v² = 12x²u² + 2(u − v)²

दोन वर्गांची बेरीज आहे, निगेटिव्ह व्हायचा प्रश्नच नाही. म्हणजे f पूर्ण प्रतलावर कन्व्हेक्स आहे.

कन्व्हेक्स आहे म्हणून क्रिटिकल पॉइंट ग्लोबल मिनिमम कसा, हे पण लिहितो कारण तुमच्या सोल्युशन लिहिणाऱ्याला हाच दुवा माहीत नाहीये असं दिसतंय. a = (0, −1) धरा आणि प्रतलावरचा दुसरा कुठलाही बिंदू z घ्या, कितीही लांबचा. a पासून z पर्यंत सरळ रेषेत चालत जा आणि वाटेत f काय करतं ते बघा, म्हणजे g(t) = f(a + t(z − a)), t शून्यापासून एकपर्यंत. आता हे एकाच व्हेरिएबलचं फंक्शन झालं. याचा दुसरा डेरिव्हेटिव्ह g″(t) म्हणजे वाटेतल्या त्या बिंदूवरचा हेसियन आणि दिशा z − a यांचा तोच क्वाड्रॅटिक फॉर्म, जो आपण आत्ताच दाखवला की शून्य किंवा जास्त असतो. म्हणजे g′ कमी होत नाही. सुरुवातीला g′(0) = 0, कारण a ला ग्रेडियंट शून्य आहे. म्हणजे पूर्ण वाटेवर g′ शून्याच्या खाली जातच नाही, म्हणून g(1) ≥ g(0), म्हणजे f(z) ≥ f(a). z कुठलाही घेतला होता. झालं की सिद्ध! यात a ला डिटर्मिनंट पॉझिटिव्ह पाहिजे अशी अट कुठं आली का? नाही आली. फक्त ती वाट पूर्ण डोमेनमध्ये असली पाहिजे, म्हणून डोमेन कन्व्हेक्स लागतं, आणि इथं तर पूर्ण प्रतल आहे.

मग डिटर्मिनंट शून्य का आला, तेही बघू. (0, −1) ला क्वाड्रॅटिक फॉर्म 2(u − v)² एवढाच उरतो, तो u = v या दिशेला शून्य होतो. त्या दिशेनं गेलं की बिंदू (t, t − 1) आणि किंमत t⁴ − 1. म्हणजे वाढतं, पण चौथ्या घातानं, अगदी हळू. t = 0.1 ला −0.9999, आणि x तेवढाच वाढवून नुसतं x च्या दिशेनं गेलं तर (0.1, −1) ला −0.9899. सेकंड डेरिव्हेटिव्ह टेस्टला एका बिंदूवर फक्त वर्गाचं वाढणं दिसतं, चौथा घात दिसत नाही, म्हणून ती गप्प बसते. फंक्शनचा त्यात काही दोष नाही.

एवढं करून पटत नसेल तर माझ्या क्लासमधल्या बार्शीच्या पोरीनं पेपरच्या कडेला जे केलं ते बघा, f = x⁴ + (x − y − 1)² − 1. गुणून बघा, तंतोतंत तेच फंक्शन. दोन्ही पदं शून्याच्या खाली जात नाहीत, म्हणून f ≥ −1, आणि −1 फक्त x = 0, y = −1 ला. तिनं दुसरा पर्याय टिक केला, बरोबर केला आणि तिचेच मार्क कापले गेले, आणि ज्यांनी तुमच्यासारखं डिटर्मिनंट शून्य बघून शेवटचा पर्याय ठोकला त्यांना पूर्ण मार्क.

आता व्हिडिओचं. त्याच टेस्टच्या डिस्कशन व्हिडिओत तुमचे सर पुढच्या प्रश्नाला म्हणतात की "क्रिटिकल पॉइंट एकच आहे, तिथं D पॉझिटिव्ह आणि f_xx पॉझिटिव्ह, म्हणजे डोळे झाकून ग्लोबल मिनिमम". डोळे झाकूनच केलंय ते. एका व्हेरिएबलला हे चालतं, सलग फंक्शनला एकच क्रिटिकल पॉइंट असेल आणि तो लोकल मिनिमम असेल तर खाली यायला त्याला आधी वळावं लागेल आणि वळलं की दुसरा क्रिटिकल पॉइंट येतो. दोन व्हेरिएबलला नाही चालत. हे घ्या:

h(x, y) = x² + y²(1 − x)³

h_y = 2y(1 − x)³ शून्य करायला y = 0 किंवा x = 1. x = 1 घातलं तर h_x = 2x − 3y²(1 − x)² हे 2 येतं, शून्य होत नाही. y = 0 घेतलं तर x = 0. म्हणजे क्रिटिकल पॉइंट एकच, (0, 0), तिथं हेसियनचे दोन्ही कर्णावरचे आकडे 2, बाकी शून्य, D = 4. तुमच्या सरांच्या नियमानं ग्लोबल मिनिमम, किंमत 0. आता (2, 3) टाका: 4 + 9·(−1) = −5. आणि x = 2 ठेवून y वाढवत गेलात तर 4 − y², खाली खाली जातच राहतं, तळच नाही. पार्क चौकातल्या खड्ड्यात उभं राहून अख्ख्या जिल्ह्यात हीच सगळ्यात खोल जागा असं सांगण्यासारखं झालं हे. हेसियन सगळीकडे तपासला असता तर लगेच कळलं असतं, h_yy = 2(1 − x)³, x एकच्या पुढं गेला की निगेटिव्ह, म्हणजे कन्व्हेक्स नाही, म्हणजे तो रस्ता बंद. (कन्व्हेक्स नाही म्हणजे ग्लोबल मिनिमम नाहीच असंही नाही हं, फक्त मग दुसऱ्या मार्गानं दाखवावं लागतं, हेही व्हिडिओत सांगा.)

आणि शॉर्टकट पीडीएफमध्ये "f_xx ≥ 0 आणि D ≥ 0 सगळीकडे, तर कन्व्हेक्स" छापलंय. f = −y² घेऊन बघा, f_xx = 0, D = 0, तुमच्या नियमात चपखल बसतं आणि कन्व्हेक्स अजिबात नाही. दोन्ही ठिकाणी > 0 असतं तर नुसतं f_xx बघून भागतं, पण ≥ आलं की f_yy ≥ 0 पण वेगळं तपासावं लागतं. एक ओळ वाढवायची आहे फक्त.

माझं म्हणणं सरळ आहे. त्या प्रश्नाची की दुसऱ्या पर्यायावर आणा आणि सगळ्यांचे मार्क नि रँक परत काढा, फक्त माझ्या पोरांचे नाही. व्हिडिओचा तो भाग काढा किंवा खाली दुरुस्ती टाका, आणि पीडीएफ नवीन पाठवा. पुढची टेस्ट याच धड्यावर आहे, ती उघडायच्या आधी हे व्हायला पाहिजे, नाहीतर पोरं तुमच्या कीला घाबरून बरोबर उत्तर सोडून चुकीचं टिक करायला लागतील, दोघांनी तसं मला विचारलं पण. होणार नसेल तर राहिलेल्या टेस्टचे पैसे परत करा, मी त्याच पैशात झेरॉक्स काढून स्वतः पेपर घेईन.

पावती, प्रश्नाचा स्क्रीनशॉट, व्हिडिओतली ती वेळ आणि आधीच्या टिकिटाचं उत्तर सोबत जोडलंय. उत्तर मेलवरच द्या, फोनवर समीकरणं सांगता येत नाहीत.

आपला,
एक ग्राहक
जुळे सोलापूर, सोलापूर