कुडाळच्या डीटीपीवाल्या ताईंना, आत्याच्या कवितांबद्दल

ताई, पुस्तिका काल आली आणि आत्या सकाळपासून ती घेऊन पडवीत बसलीय, जेवायला हाक मारली तरी उठेना. तोंडावर थँक्यू म्हटलं तर तुम्ही "अहो काय त्यात" म्हणून उडवून लावाल, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

तुमच्याकडे यायच्या आधी एका मोठ्या प्रेसमध्ये काम दिलं होतं, नाव घेत नाही. त्यांनी प्रत्येक ओळ सेंटरला घेतली, सगळ्या कविता लग्नपत्रिकेसारख्या दिसायला लागल्या. मी कुरकुर केली तेव्हा ओळी डावीकडे घेतल्या, पण लांब ओळी जिथे मावल्या नाहीत तिथे आपोआप मोडून खाली पडल्या, त्याही डावीकडेच. आत्याची ती ओळ आहे ना, "होडी ओढताना बापाच्या खांद्यावर उठलेला वळ आईनं कधीच कुणाला दाखवला नाही", तिच्यातला फक्त "नाही" खाली गेला. आणि आत्याची पुढची ओळ "तरी आम्हाला दिसत होता" अशी सुरू होते. म्हणजे वरती आईने वळ दाखवला, आणि खाली "नाही, तरी आम्हाला दिसत होता"! दाखवलं तर साहेब म्हणतात, "मॅडम, पान लहान आहे, ओळ लांब आहे, आम्ही काय करणार."

तुम्ही काय केलंत ते मी शेजारच्या खुर्चीवर बसून बघत होते. कवितेची प्रत्येक ओळ वेगळा पॅराग्राफ केलीत, मग डावा इंडेंट १० मिमी आणि पहिल्या ओळीचा उणे १० मिमी. झालं, ओळ मोडली की उरलेला तुकडा आपोआप आत सरकतो आणि वाचणाऱ्याला कळतं की ही नवी ओळ नाही, वरचीच चालू आहे. १० मिमीच का असं विचारलं तर म्हणालात, आत्याने काही ओळी मुद्दाम ५ मिमी आत घेतल्यात, मोडलेला तुकडा त्यांच्याहून आत हवा, नाहीतर दोन्ही सारख्याच दिसतील. आधीच्यांनी हेच स्पेसबार दाबून करायचा प्रयत्न केला होता, फॉन्ट बदलल्यावर सगळं नाचायला लागलं.

पण मला खरं भिडलं ते पुढचं. इंडेंट देऊनही तो "नाही" एकटाच लोंबकळत होता. दुसरं कुणी असतं तर चालतंय म्हणून पुढे गेलं असतं. तुम्ही माउस सोडलात, आत्याला फोन लावायला सांगितलात आणि म्हणालात, "मावशी, ही ओळ जरा मोठ्याने म्हणून दाखवा, तुम्ही कुठे थांबता ते मला ऐकायचंय." आत्या "वळ" म्हणून थांबली. तुम्ही तिथे Shift+Enter मारलंत:

होडी ओढताना बापाच्या खांद्यावर उठलेला वळ
  आईनं कधीच कुणाला दाखवला नाही
तरी आम्हाला दिसत होता

तिच्या कविता छापायच्या म्हणून एवढे लोक भेटले, पण त्या म्हणून दाखवा असं तिला पहिल्यांदा कुणी म्हटलं असेल तर ते तुम्ही. आणि मग लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर सगळ्या लांब ओळी अशाच ऐकत बसलात. हे हाताने तोडणं साइज आणि फॉन्ट पक्का झाल्यावरच करायचं हेही तुम्हीच बजावलंत, कारण नंतर अक्षर लहान केलं तर ओळ मावत असूनही तिथेच तुटलेली राहते.

कवितांच्या सुरुवातीबद्दल थोडंच लिहिते. आधीच्यांनी कागद वाचवायला एक कविता संपली की त्याच पानावर दुसरी घुसवली होती, एका ठिकाणी तर तळाला शीर्षक, खाली दोन ओळी, बाकी पान उलटल्यावर. तुम्ही प्रत्येक कविता नव्या पानावर घेतलीत, शीर्षक वरून सारख्याच अंतरावर, मग कविता सहा ओळींची का असेना. दोन पानांची कविता डाव्या पानावरच सुरू केलीत, म्हणजे पान न उलटता सगळी समोर दिसते. त्यासाठी पानं कोरी सोडावी लागली असती, आणि मध्ये पिना मारलेल्या पुस्तिकेत पानं चारच्या पटीत लागतात, म्हणजे खर्च वाढलाच असता. ते टाळायला तुम्ही एक छोटी कविता पुढे आणलीत, तीही आत्याला विचारून. हे विचारणं किती लोकांना सुचतं हो? आपल्याकडे काम येणारी माणसं पुष्कळ आहेत, पण ज्याचं काम आहे त्याला विचारणारी फार थोडी.

आत्या त्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "आता कसां, मी बोलतंय तसांच दिसतां."

आणि एक. बिल बघितलं, त्यात नुसते पानांचे पैसे लावलेत, ऐकत बसलात त्याचे नाहीत. ते लावून नवं बिल पाठवा, आत्याने निक्षून सांगितलंय, आणि चतुर्थीला घराकडे यायचंय.