बिनचूक निबंध आणि कापलेले पाच गुण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या निबंध स्पर्धेला यंदा मी परीक्षक होते. निबंध मोबाइलवर टाइप करून मागवले होते. ज्याला पहिला क्रमांक द्यायचे ठरत होते, त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. दोन पानांत 'सुद्धा' नऊ वेळा, नऊही वेळा मागच्या शब्दाला जोडून. 'समोर', 'साठी', 'बरोबर' यांचेही तेच.

दहावीतल्या एका मुलीचे मात्र अशुद्धलेखनासाठी पाच गुण कापले होते. तिने वर 'घरासमोर' लिहिले होते, खाली 'घरा समोर'. 'सुद्धा' एकदा, 'सुध्दा' दोनदा. शब्दयोगी अव्यय जोडून लिहावे हा नियम तिला ठाऊक आहे. पण ती कन्नड शाळेत जाते आणि कन्नडमध्ये 'मनेय मुंदे' हे दोन सुटे शब्द असतात. शिवाय मोबाइलवर सुचवलेला शब्द निवडला की पुढे आपोआप जागा सुटते. 'सुध्दा' तर आपल्याकडच्या कितीतरी फलकांवर दिसतो. गावाचे नाव ती 'बेळगांव' असे लिहिते, कारण तिला अक्षरे आजोबांनी शिकवली. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, पण आजोबांची शाळा त्याआधीची. तिच्या प्रत्येक चुकीमागे असे काही ना काही सापडते.

निव्वळ एकसारखेपणावरून निबंध यंत्राने लिहिला असे मी म्हणणार नाही. मुरलेल्या मुद्रितशोधकाच्या हातचा मजकूरही असाच निघतो, आणि घरचे कुणी तपासून देऊ शकते. म्हणून मी पहिल्या तिघांना वाचनालयात बोलावून समोर दहा ओळी लिहायला सांगितल्या. त्या बिनचूक निबंधाच्या मुलाने 'जावून' लिहिले आणि 'ठेऊन'ही. 'जा'चे 'जाऊन', 'ठेव'चे 'ठेवून'; मूळ धातूत 'व' आहे की नाही एवढेच पाहायचे असते, पण बोलताना फरक कळत नाही, म्हणून ही गफलत हाताने लिहिणाऱ्या बहुतेकांची होते. टाइप केलेल्या निबंधात ती एकदाही नव्हती. निबंध यंत्राकडून घेतल्याचे त्याने स्वतःच सांगितले. त्या दहा ओळी मात्र मलप्रभेच्या पुरात वाहून गेलेल्या त्यांच्या गवताच्या गंजीबद्दल होत्या. दोन पानांत त्या गंजीचा उल्लेखही नव्हता.

मी त्याला बाद केले नाही. त्या दहा ओळींवरच गुण दिले. मुलीचे पाच गुण परत दिले.

सीमाभागातल्या संयोजकांना माझी विनंती आहे की निबंध हाताने, समोर बसवून लिहून घ्यावेत. जोडून-सुटे लिहिण्याच्या चुका लाल शाईने जरूर दाखवाव्यात, पण त्यांचे गुण कापू नयेत.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, खानापूर तालुका