मुक्ताबायस पत्र

चि. मुक्ताबाय,

पर्वरीहून फोंड्याला आल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते. त्या बुधवारी रात्री तू बांगड्याचं हुमण केलं होतंस आणि जेवताना ऑफिसातल्या बढतीचं निखिलला सांगायला लागलीस. तो नुसतं "हं" म्हणाला, अंगठा मोबाइलवर फिरतच होता. तू वाक्य अर्ध्यावर सोडलंस आणि पाणी आणायला उठलीस. तांब्या तर भरलेला होता.

त्या मोबाइलपेक्षा मला तुझ्या उठण्याची धास्ती वाटते. तू बोलत नाहीस. सातवीत तुला नाटकातून काढलं, तेव्हाही आम्हाला कळलं ते ताईच्या तोंडून. तू आपली रोज तालमीच्या वेळेला देवळाकडे जाऊन बसायचीस.

निखिल मनाचा वाईट नाही. हॉटेलचं बुकिंग बघणाऱ्याला ऑक्टोबर उजाडला की रात्रीही मेसेज येणारच. म्हणून आधी त्यालाच विचार, यातलं कामाचं किती आणि सवयीचं किती. पण ताटावर बसून नको. रविवारी सकाळी चहा घेताना विषय काढ. "तू नेहमीच", "तू कधीच" असं तोंडातून जाऊ देऊ नकोस. ते ऐकलं की माणूस "परवा कुठे बघत होतो?" म्हणून वाद घालत बसतो आणि आपलं दुखणं बाजूलाच राहतं. तो एकच प्रसंग सांग. "बुधवारी मी बढतीचं सांगत होते, तू मोबाइल बघत होतास, मला फार एकटं वाटलं. जेवताना वीस मिनिटं तरी आपण बोलूया." एवढं म्हण आणि थांब. त्याला बोलू दे.

तूही जेवताना रील्स बघतेस असं तो म्हणेल. खरं असेल तर कबूल कर आणि आधी तुझा मोबाइल फ्रिजवर ठेव. रिंग चालू असू दे. साहेबांचा फोन आला तर तो उठून घेईल, मेसेज थांबू शकतात. चार दिवसांनी विसरला तर टोमणा मारू नकोस, नुसती नावाने हाक मार. मात्र नीट सांगूनही तो तुझ्यावरच खेकसायला लागला, किंवा तू आलीस की स्क्रीन लपवायला लागला, तर मग ही गोष्ट मोबाइलची नाही. तेव्हा गप्प राहू नकोस, बाय. आईला तरी सांग.

किती उपदेश केला, रागावू नकोस. फ्लॅटचे हप्ते, नोकरी, सासूबाईंचं डायलिसिस, सगळं तू हसतमुखाने निभावतेस. लोकांना सांगताना माझा ऊर भरून येतो. आणि त्या हसतमुखाचीच मला रात्री काळजी लागते.

शुक्रवारी बाबांबरोबर सोलं आणि पोहे पाठवते. रविवारी त्याच्याशी बोललीस की मला कळव. तो काय म्हणाला ते नाही सांगितलंस तरी चालेल, तू बोललीस एवढंच कळव.

तुझी,
आई